ॲम्प्लिफायरचा डीसी ऑफसेट, सर्वो आणि संरक्षक रिले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आधीचे काही आठवडे सोलापुरातल्या साउंड सिस्टीमवाल्यांकडून, मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांकडून आणि हौसेने ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या मुलांकडून माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून सर्व उत्तरांत एकच ॲम्प्लिफायर धरला आहे. त्याचा सप्लाय अधिक ५५ आणि उणे ५५ व्होल्ट असा दुहेरी आहे, त्याची वाढ ३१ पट आहे आणि त्याला एक ८ ओहमचा पंधरा इंची बेस स्पीकर जोडलेला आहे. तुमच्या यंत्रातले आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

१. डीसी ऑफसेट म्हणजे नेमके काय, आणि किती असला तर चालतो?

संगीताचा सिग्नल शून्याच्या वर-खाली सारखाच हलत असतो, त्यामुळे त्याची दीर्घ सरासरी शून्य येते. गाणे बंद असताना आउटपुटवर शून्य व्होल्ट असायला हवेत. प्रत्यक्षात इनपुटच्या जोडीतले दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे नसतात, आणि त्यांच्या बेसचा सूक्ष्म करंट दोन बाजूंच्या वेगवेगळ्या रोधांतून वाहतो. म्हणून आउटपुटवर काही मिलिव्होल्ट कायमचे उरतात. हाच ऑफसेट होय.

२० मिलिव्होल्टपर्यंतचा ऑफसेट मी निर्धास्तपणे सोडतो. ५० मिलिव्होल्टपर्यंत स्पीकरला काही होत नाही, पण जुन्या यंत्रात पूर्वी १० असलेला आकडा आता ५० झाला असेल, तर तो का वाढला हे शोधले पाहिजे. १०० मिलिव्होल्टच्या पुढे गेलेले यंत्र मी दुरुस्तीशिवाय परत देत नाही.

मोजताना स्पीकर काढावा, इनपुट शॉर्ट करावे, यंत्र दहा मिनिटे तापू द्यावे आणि मल्टिमीटर डीसीवर ठेवून रिलेच्या आधीच्या बिंदूवर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या बाजूला मोजावे. अनेक जण मागच्या टर्मिनलवर मोजतात. रिले सुटलेला असेल तर तेथे शून्य दिसते, आणि आत ५५ व्होल्ट उभे असतानाही यंत्र ठीक असल्याचा समज होतो.

२. डीसीने स्पीकर खरोखर जळतो का? सप्लायला फ्यूज असताना भीती कशाची?

जळतो, आणि फ्यूज त्याला बहुतेक वेळा वाचवत नाही. आउटपुटचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण ५५ व्होल्ट स्पीकरवर येतात. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध साधारण ६ ओहम असतो. म्हणजे सुमारे ९ अँपिअर करंट वाहतो आणि जवळपास ५०० वॅट उष्णता कॉइलमध्ये निर्माण होते.

गाण्याचे ५०० वॅट आणि डीसीचे ५०० वॅट यांत मोठा फरक आहे. गाण्याचे ५०० वॅट क्षणभराच्या ठेक्यापुरते येतात आणि कोन मागे-पुढे होताना कॉइलभोवतीची हवाही खेळती राहते. डीसीमध्ये कोन एका टोकाला जाऊन तेथेच थांबतो, कॉइल चुंबकाच्या फटीतून अर्धीअधिक बाहेर येते आणि उष्णता काढून घेणारे धातूचे अंग तिच्यापासून दूर होते. कॉइलमध्ये ३० ग्रॅम तांबे आहे असे धरले, तर तिचे तापमान दर सेकंदाला सुमारे ४० अंशांनी चढते. चार-पाच सेकंदांत चिकटद्रव्य मऊ पडते आणि धूर येतो.

आता फ्यूजकडे पाहू. ५ अँपिअरचा स्लो फ्यूज ९ अँपिअरवर मिनिटभरही तग धरू शकतो, कारण दुपटीपेक्षा कमी करंटवर लगेच उडण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. शिवाय तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की ६ ओहमचे साडेदहा ओहम होतात आणि करंट सव्वापाच अँपिअरच्या आसपास उतरतो, म्हणजे फ्यूजच्या मर्यादेच्या जवळच येऊन बसतो. कॉइल जितकी जळत जाते तितका फ्यूज निवांत होत जातो.

टू-वे किंवा थ्री-वे बॉक्समधल्या ट्वीटरला यातून सहसा इजा होत नाही, कारण त्याच्या मालिकेत कॅपॅसिटर असतो आणि कॅपॅसिटर डीसी अडवतो. बळी जातो तो बेस स्पीकरचा, कारण त्याच्या वाटेत असलेल्या चोकमधून डीसी सरळ जातो.

३. डीसी सर्वो काय करतो?

सर्वो हा आउटपुटची सतत सरासरी काढत राहणारा एक छोटा ऑप-ॲम्प असतो. आपल्या उदाहरणात आउटपुटवरून ४७० किलोओहमच्या रोधातून सिग्नल ऑप-ॲम्पकडे जातो आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर त्याची बेरीज धरून ठेवतो. गाण्याच्या वरच्या आणि खालच्या लाटा या बेरजेत एकमेकींना छेदतात आणि मागे उरतो तो फक्त ऑफसेट. आउटपुट किंचित अधिक बाजूला सरकले की ऑप-ॲम्पचे व्होल्टेज हळूहळू चढू लागते. ते ३३० किलोओहमच्या रोधातून फीडबॅकच्या बिंदूवर पोचते आणि आउटपुटला खाली ओढते. आउटपुट शून्यावर आले की ऑप-ॲम्प आहे त्या जागी थांबतो आणि तेवढाच जोर लावून धरतो.

तो गाण्याचा बेस खात नाही का, असेही विचारतात. फीडबॅकचा रोध ३० किलोओहम आहे, त्यावरून सर्वोचा वेग असा निघतो :

```
f = (30k / 330k) / (2 × π × 470k × 0.22 µF) ≈ 0.14 Hz
```

ढोलाचा सर्वांत खोल ठोका ४० हर्ट्झच्या आसपास असतो. सर्वोचे काम एक सप्तमांश हर्ट्झला संपते, त्यामुळे ढोलाला त्याचा स्पर्शही होत नाही. येथे कॅपॅसिटर मात्र फिल्मचा असावा आणि ऑप-ॲम्प टीएल ०७१ सारखा, ज्याच्या इनपुटला जवळजवळ करंट लागत नाही असा असावा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधून होणारी गळती हाच सर्वोसाठी एक नवा ऑफसेट ठरतो.

४. सर्वो ऑफसेट शून्यावर ठेवत असेल, तर वेगळा रिले कशासाठी?

मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा आणि सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज हाच आहे. सर्वो दुरुस्ती करतो, संरक्षण करत नाही.

त्याच्या हाताची पोच मोजून पाहा. ऑप-ॲम्पला १५ व्होल्टचा सप्लाय असेल तर त्याचे आउटपुट फार तर १३ व्होल्टपर्यंत जाते. ते ३३० किलोओहममधून येते आणि फीडबॅकचा रोध ३० किलोओहम आहे, म्हणजे आउटपुटवर त्याचा अकरावा भाग दिसतो. याचा अर्थ हा सर्वो जास्तीत जास्त १.२ व्होल्टचा ऑफसेट पुसू शकतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन ५५ व्होल्ट आले, तर त्याच्याकडे पुरेसा जोर नसतो. जोर असता तरी उपयोग नव्हता, कारण शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर कोणाचेच ऐकत नाही. तेथे वाट तोडणे हा एकच उपाय उरतो, आणि ते काम रिलेचे आहे.

सर्वोची आणखी एक बाजू ध्यानात ठेवावी. तो बिघाड लपवतो. इनपुटचा एखादा ट्रान्झिस्टर हळूहळू खराब होत असेल, तर आउटपुटवर महिनोन्‌महिने २ मिलिव्होल्टच दिसत राहतात. म्हणून सर्वो असलेल्या यंत्रात फक्त आउटपुट मोजून समाधान मानू नये. ऑप-ॲम्पच्या आउटपुट पायावरही मोजावे, टीएल ०७१ मध्ये तो सहावा पाय असतो. तेथे जे येईल त्याला ११ ने भागले की सर्वोने दडवलेला खरा ऑफसेट मिळतो. एखाद्या व्होल्टच्या आत आकडा असेल तर यंत्र निरोगी आहे. ८-९ व्होल्ट असतील तर ते यंत्र कार्यक्रमाला नेऊ नये. मी प्रत्येक यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हा आकडा तारखेसह पेन्सिलने लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी यंत्र परत आले की दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवता येतात.

५. समोर डीसी आहे की ढोलाचा जोरदार ठोका, हे रिलेच्या सर्किटला कसे कळते?

वेळेवरून कळते. आउटपुटवरून २२ किलोओहमचा रोध आणि त्यापुढे जमिनीकडे ४७ मायक्रोफॅरडचा दोन्ही दिशांना चालणारा कॅपॅसिटर, एवढीच ती चाळणी असते. कॅपॅसिटरवर ०.७ व्होल्ट साठले की पुढचा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि रिलेच्या कॉइलचा पुरवठा तुटतो. या चाळणीचा काळ साधारण एक सेकंदाचा आहे.

आता तीन प्रसंग धरू. ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन ५५ व्होल्ट आले तर ०.७ व्होल्ट साठायला फक्त १३ मिलिसेकंद लागतात. ऑफसेट २ व्होल्टच असेल तर सुमारे साडेचारशे मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात २ व्होल्ट स्पीकरचे काही बिघडवत नाहीत. २० हर्ट्झचा ५० व्होल्टचा पूर्ण जोराचा सिग्नल आला तर चाळणीपुढे त्याचे ०.४ व्होल्टच उरतात, त्यामुळे रिले हलत नाही. मोठा धोका लवकर, लहान धोका सावकाश आणि संगीत कधीच नाही, असे वर्तन एका रोधातून आणि एका कॅपॅसिटरमधून मिळते. मला या सर्किटमधला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

काही जण बेसवर रिले सुटू नये म्हणून कॅपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा टाकतात. त्यामुळे ५५ व्होल्टच्या वेळचे १३ मिलिसेकंद साठावर जातात. आपल्या आकड्यांत ढोलावर रिले सुटायला जागाच नाही. तरीही तो सुटत असेल तर सिग्नल एका बाजूने कापला जात आहे किंवा खरा ऑफसेट आहे, आणि शोध तेथे घ्यावा.

६. चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो. हा बिघाड आहे का?

नाही, ते योग्य आहे. चालू होताना दोन्ही बाजूंचे सप्लाय एकाच वेगाने चढत नाहीत आणि सर्वोलाही ऑफसेट शून्यावर आणायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळ स्पीकर तोडून ठेवलेला असतो. वीज गेल्यावर मात्र रिले लगेच सुटला पाहिजे. यूपीसी १२३७ या प्रचलित आठ पायांच्या आयसीमध्ये त्यासाठी वेगळा पाय आहे. तो ट्रान्सफॉर्मरच्या एसीवर लक्ष ठेवतो आणि मोठे फिल्टर कॅपॅसिटर रिकामे होण्याची वाट पाहत नाही. तयार बोर्डवर हा पाय जोडलेला नसेल, तर वीज जाताना स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो.

७. रिले लागतो, एक-दोन सेकंदांत सुटतो, पुन्हा लागतो. असे चालूच राहते. रिले बदलू का?

रिले बदलू नये, तो आपले काम करत आहे. गेल्या गड्ड्याच्या आधी माझ्याकडे आलेले असेच एक यंत्र तपशिलाने सांगतो, कारण शोधाची दिशा त्यातून स्पष्ट होते.

मालकाने आधी एका ठिकाणी दाखवले होते आणि तेथे रिले दोनदा बदलून झाला होता. मी स्पीकर काढून यंत्र सिरीज बल्बवर लावले. १०० वॅटचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे आउटपुटला शॉर्ट नव्हता. शॉर्ट असता तर बल्ब पेटलेलाच राहिला असता. मग ते थेट विजेवर घेतले आणि रिलेच्या आधी मोजले. अधिक १.१२ व्होल्ट आले आणि आकडा हलत नव्हता.

हा आकडा पाहताच सर्वोचा संशय आला. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बिघाडात १.१२ सारखा आकडा क्वचितच येतो, तेथे बहुधा पूर्ण सप्लाय दिसतो. याउलट सर्वोची कमाल पोच १.२ व्होल्ट आहे हे आपण प्रश्न ४ मध्ये पाहिले. सहाव्या पायावर उणे १२.६ व्होल्ट होते. त्याला ११ ने भागले तर १.१५ येतात. म्हणजे सर्वो आउटपुट शून्यावर आणत नव्हता, उलट तोच ते १.१५ व्होल्टने वर ढकलत होता, आणि मूळ यंत्राचा ऑफसेट फक्त उणे ३० मिलिव्होल्टच्या आसपास होता.

मग ऑप-ॲम्पचा सप्लाय पाहिला. चौथ्या पायावर उणे १५ व्होल्ट ठीक होते, सातव्या पायावर अधिक १५ नव्हतेच. ५५ व्होल्टचे १५ करण्यासाठी २.२ किलोओहमचा एक वॅटचा रोध आणि झेनर लावलेला होता. त्या रोधात पाऊण वॅट उष्णता सतत निर्माण होते. मे महिन्यात सोलापुरात ४२-४३ अंशांत, बंद पेटीत, असा रोध बोट ठेवता येणार नाही इतका तापतो. भिंगातून पाहिल्यावर त्याच्या एका पायाभोवतीच्या सोल्डरमध्ये बारीक, काळी, गोल भेग दिसली. तापून-निवून सोल्डर सुटले होते. मी तेथे तीन वॅटचा रोध बोर्डपासून सहा-सात मिलिमीटर उंच ठेवून लावला. सहाव्या पायावर उणे ०.३३ व्होल्ट आले आणि आउटपुटवर २ मिलिव्होल्ट. रिले लागला आणि लागलेलाच राहिला.

रिले लागतो-सुटतो हे चक्र चालते, कारण आयसी आपोआप पुन्हा प्रयत्न करण्याच्या जोडणीत असते. एकदा सुटल्यावर यंत्र बंद करेपर्यंत न लागण्याची जोडणीही तिच्यात करता येते, आणि मोठ्या यंत्रात मला तीच अधिक सुरक्षित वाटते.

८. कार्यक्रम आज रात्री आहे. रिलेच्या दोन पायांवर तार टाकून तेवढी वेळ निभावली तर चालेल का?

चालणार नाही. मिरवणुकीच्या आदल्या रात्री अशी तार टाकलेले एक यंत्र माझ्याकडे नंतर आले, तेव्हा बेस स्पीकरचा कोन पुढे येऊन अडकलेला होता आणि कॉइलचा कागदी फॉर्मर कोळशासारखा बोटांवर उतरत होता. मूळ बिघाड एका ट्रान्झिस्टरच्या जोडीचा होता. त्यात स्पीकरच्या रिकोनचा खर्च वाढला. तो माणूस प्रामाणिकपणे धंदा करणारा होता आणि त्याला कोणी हे आधी सांगितले नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते. रिले लागत नसेल तर प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे मोजावे. रिलेच्या आधी खरोखरच काही मिलिव्होल्ट असतील, तरच दोष रिलेच्या सर्किटचा आहे असे म्हणता येते. त्या स्थितीतही स्पीकर दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर घ्यावा.

९. रिले वेळेवर सुटला होता, तरी स्पीकर जळला. हे कसे शक्य आहे?

शक्य आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ तयार बोर्डांची ही खरी उणीव आहे. रिलेच्या पाठीवर नीट वाचले तर बहुधा १० अँपिअर २५० व्होल्ट एसी आणि त्याखाली १० अँपिअर ३० व्होल्ट डीसी असे छापलेले असते. आपल्या समोरचा प्रसंग मात्र ५५ व्होल्ट डीसी आणि ९ अँपिअरचा आहे.

एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे संपर्क उघडताना पेटलेली ठिणगी स्वतःच विझते. डीसीला असे शून्य नसते. संपर्कांतली फट मिलिमीटरभर असते, आणि ५५ व्होल्टवर त्या फटीत ठिणगीची ज्योत जळत राहू शकते. करंट त्या ज्योतीतून वाहत राहतो, कॉइल तापत राहते आणि शेवटी संपर्क वितळून चिकटतात. बाहेरून पाहणाऱ्याला ‘टक्’ ऐकू आलेले असते, म्हणून तो स्पीकर सुटला असे समजतो. असा रिले उघडला की संपर्कांवर काळी काजळी आणि एक वितळलेला बारीक डोंगर दिसतो.

यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय जोडणीत आहे. रिलेला तीन संपर्क असतात. हलणारी पट्टी असते, चालू स्थितीत तिला मिळणारा संपर्क असतो आणि बंद स्थितीत मिळणारा संपर्क असतो. पुष्कळ बोर्डांवर हलणारी पट्टी ॲम्प्लिफायरला जोडतात आणि बंद स्थितीतला संपर्क मोकळा सोडतात. त्याऐवजी हलणारी पट्टी स्पीकरला, चालू स्थितीतला संपर्क ॲम्प्लिफायरला आणि बंद स्थितीतला संपर्क जमिनीला जोडावा. आता रिले सुटला की पट्टी जमिनीवर टेकते. मागे ज्योत राहिली तरी तिचा करंट स्पीकरमधून न जाता जमिनीत जातो आणि स्पीकरची दोन्ही टोके एकाच ठिकाणी येतात. त्या वाटेत स्पीकरचे ६ ओहम उरत नाहीत, त्यामुळे करंट अनेक पटींनी वाढतो आणि प्रश्न २ मध्ये निवांत बसलेला फ्यूज आता झटक्यात उडतो. रिले खराब होतो, पण स्पीकर वाचतो.

याला एक अट आहे. जमिनीची तार स्पीकरच्या परतीच्या तारेइतकीच जाड असावी आणि ती थेट सप्लायच्या मध्यबिंदूवर न्यावी. ती छोट्या सिग्नलच्या जमिनीत जोडली, तर त्या बोर्डची पट्टीच जळून जाईल. सप्लाय ७० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल, तर मी साध्या रिलेवर विसंबत नाही. तेथे दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून केलेला स्विच वापरतो, कारण त्यात ठिणगीच नसते.

१०. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावलाच पाहिजे ना?

लावला पाहिजे, पण नुसता डायोड रिलेला सुटायला उशीर करतो. पुरवठा तुटल्यावर कॉइलमधला करंट त्या डायोडमधून फिरत राहतो आणि पट्टी सावकाश उचलली जाते. संपर्क जितके सावकाश उघडतात तितकी प्रश्न ९ मधली ज्योत पेटायला सोपी जाते. डायोडच्या मालिकेत २४ व्होल्टचा झेनर लावला की करंट लवकर मरतो. त्यामुळे रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर सप्लाय अधिक २४ व्होल्ट येतात, म्हणून त्याची मर्यादा आधी तपासावी. रिलेचा पुरवठा ५५ व्होल्टवरून न घेता वेगळ्या २४ व्होल्टवरून घेतला, तर ही अडचण उरत नाही.

११. गावाकडे व्होल्टेज कमी असते तेव्हा रिले लागतच नाही. ऑफसेट मात्र ठीक आहे.

मग कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. २४ व्होल्टची ६५० ओहमची कॉइल ५५ व्होल्टवर चालवण्यासाठी मालिकेत ८२० ओहम लावलेला असतो. २३० व्होल्टला कॉइलवर २४ येतात, १७० व्होल्टला १८ च्या आसपास उरतात, आणि पट्टी ओढायला साधारण तेवढेच लागतात. उन्हाळ्यात कॉइलचा रोध वाढतो आणि तेही अपुरे पडतात. वेगळ्या स्थिर २४ व्होल्टच्या पुरवठ्याने प्रश्न मिटतो. ८२० ओहम कमी करून मात्र पाहू नये, कारण शहरात परतल्यावर कॉइल जास्त तापते.

१२. हळू आवाजात एक बाजू चिरकते आणि आवाज वाढवला की साफ होते. हा ऑफसेटचा दोष आहे का?

नाही, हा संपर्कांवर साचलेल्या थराचा दोष आहे. आवाज वाढला की तो थर तात्पुरता फुटतो. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांच्या परिसरातून येणाऱ्या यंत्रांत मला हे जास्त दिसते, कारण कापसाचा बारीक तूस उघड्या रिलेत शिरतो. पॉलिश पेपरने घासू नये. संपर्कांवरचा पातळ मुलामा निघून जातो आणि महिनाभरात दोष परत येतो. सीलबंद रिले लावावा.

१३. रिलेचे संरक्षण खरोखर चालते की नाही, हे बिघाड होण्याआधी कसे तपासावे?

स्पीकर काढावा, यंत्र बंद करावे आणि चाळणीच्या २२ किलोओहमच्या रोधाचे आउटपुटकडचे टोक सोडवावे. यंत्र चालू करून रिले लागू द्यावा. मग दीड व्होल्टचे दोन सेल मालिकेत लावून त्यांचे ३ व्होल्ट त्या टोकावर आणि जमिनीवर द्यावेत. प्रश्न ५ मधल्या आकड्यांनी रिले पाव सेकंदाच्या थोडे पुढे सुटला पाहिजे. नंतर सेल उलटे करून पुन्हा पाहावे. एका दिशेला सुटणारा आणि दुसऱ्या दिशेला न सुटणारा बोर्ड मला अनेकदा भेटला आहे. उणे बाजू ओळखणारा एकच ट्रान्झिस्टर खराब असतो, आणि ते एरवी कधीच लक्षात येत नाही. आतील ५५ व्होल्टच्या पट्ट्यांना हात लागणार नाही अशा बेताने हे काम करावे, आणि फिल्टर कॅपॅसिटर बंद केल्यानंतरही भरलेले असतात हे विसरू नये.

१४. दोन चॅनल ब्रिज करून एक स्पीकर चालवतो. तेव्हाही हेच संरक्षण पुरते का?

पूर्णपणे पुरत नाही. ब्रिजमध्ये स्पीकर दोन आउटपुटांच्या मध्ये असतो, जमीन त्याच्या वाटेत येतच नाही. दोन्ही बाजूंना अधिक १ व्होल्ट असेल तर स्पीकरवर शून्य येते, तरी रिले सुटतो. याउलट एका बाजूला अधिक ०.५ आणि दुसऱ्या बाजूला उणे ०.५ असेल तर स्पीकरवर १ व्होल्ट उभा राहतो आणि ०.७ ची मर्यादा असलेली दोन्ही सर्किटे गप्प बसतात. दोन चॅनलसाठी एकच सामाईक चाळणी असेल, तर अधिक आणि उणे तेथे एकमेकांना खोडून टाकतात आणि मोठा फरकही निसटू शकतो. म्हणून प्रत्येक चॅनलला स्वतंत्र चाळणी असावी.

प्रश्न ९ मधली जमिनीची जोडणीही येथे जपून वापरावी. दोन्ही बाजूंना रिले हवेत आणि ते एकाच वेळी सुटले पाहिजेत. एकच बाजू जमिनीला टेकली आणि दुसरी चालू राहिली, तर स्पीकर त्या दुसऱ्या चॅनलवर एकटा लटकतो आणि तिकडचा सगळा डीसी त्याच्यावरच येतो.